प्रात्यक्षिकाचा ईमेल: खामगावच्या अवजार विक्रेत्याने शेतकरी उत्पादक कंपन्यांना काय लिहावे

खामगाव, शेगाव, नांदुरा, चिखली या तालुक्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांना शेती अवजारांच्या विक्रेत्यांकडून येणारे ईमेल बहुधा एकाच वळणाचे असतात. त्यांत यंत्राचे रंगीत छायाचित्र असते, आधुनिक शेतीविषयी दोन वाक्ये असतात आणि अमुक दिवशी प्रात्यक्षिक ठेवले असून बहुसंख्येने उपस्थित राहावे, अशी विनंती असते. असा ईमेल निमंत्रण म्हणून पुरेसा असला, तरी ज्या कंपनीला सभासदांच्या भागभांडवलातून यंत्र घ्यायचे आहे, तिला त्यातून काहीच ठरवता येत नाही. कारण शेतात नेमके काय मोजले जाईल, त्यासाठी जमीन कशी हवी, बियाणे व डिझेल कोणाचे आणि पेर बिघडली तर भरपाई कोण करणार, हे त्यात नसते. प्रात्यक्षिकाचा ईमेल म्हणजे विक्रेत्याने लेखी दिलेली मोजमापाची हमी आहे, असे धरून तो लिहिला, तर त्याचा मजकूर आपोआप बदलतो. पुढील विवेचन ट्रॅक्टरचलित रुंद वरंबा सरी पेरणी यंत्राच्या, म्हणजे बोलीत ज्याला बीबीएफ म्हणतात त्या यंत्राच्या उदाहरणावर केले आहे, कारण सोयाबीन, तूर, हरभरा आणि कपाशीच्या या भागात सध्या कंपन्या ज्या अवजारांचा विचार करतात त्यांत ते महत्त्वाचे आहे.

ईमेल कोणाच्या हाती पडतो, हे आधी पाहावे लागते. शेतकरी उत्पादक कंपनी ही 2002 च्या दुरुस्ती कायद्याने कंपनी कायद्यात आलेली संस्था असून सध्या तिच्याविषयीच्या तरतुदी 2013 च्या कंपनी कायद्यात आहेत. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती स्थापन करू शकतात आणि तिचा कारभार निवडून आलेले संचालक मंडळ व पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्यामार्फत चालतो. मंडळाची सभा दर तीन महिन्यांत किमान एकदा घ्यावी लागते, सभेची सूचना साधारणपणे सात दिवस आधी द्यावी लागते आणि गणपूर्तीसाठी एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, परंतु कमीत कमी तीन संचालक हजर असावे लागतात. विक्रेत्याने या तरतुदी पाठ करण्याची गरज नाही, पण त्यातून निघणारा व्यवहार मात्र लक्षात ठेवला पाहिजे: ईमेल मुख्य कार्यकारी अधिकारी वाचतो, तो विषय सभेपुढे ठेवतो आणि प्रात्यक्षिकाला कोणी जायचे, सभासदाची जमीन द्यायची की नाही हे मंडळ ठरवते. म्हणून चार दिवस आधी पाठवलेल्या ईमेलला उत्तर न येणे ही अनास्था नसून वेळेचा अभाव असतो. तीन आठवड्यांची मुदत दिली, तर सभा भरवून निर्णय कळवणे कंपनीला शक्य होते. प्रात्यक्षिकासाठी एकेकट्या शेतकऱ्याला पटवणे वेगळे आणि मंडळापुढे वाचून दाखवता येईल असा मजकूर देणे वेगळे. ईमेलची भाषा दुसऱ्या कामाची असावी.

यंत्राची ओळख ईमेलमध्ये तीनचार वाक्यांत आटोपावी, मात्र ती यंत्राच्या कामावरून करून द्यावी. रुंद वरंबा सरी पद्धतीत जमीन सपाट न ठेवता ठरावीक रुंदीचे उंचवटे आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सऱ्या काढल्या जातात आणि पेरणी उंचवट्यावर होते. भारी काळ्या जमिनीसाठी ही पद्धत हैदराबादजवळील पाटणचेरू येथे 1972 मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने विकसित केली. काळ्या जमिनीतील चिकणमाती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही, त्यामुळे जोराच्या पावसात मुळांभोवती पाणी साचते. सरी त्या पाण्याला वाट देते आणि पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेले पाणी वरंब्याखाली ओल धरून ठेवते. चार फणांचे यंत्र एकाच फेरीत दोन बाजूंना सरी फोडते, मधला वरंबा सारखा करते, बियाणे आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून जमिनीत सोडते. बियाण्याच्या पेटीतील तबकड्या जमिनीवर टेकून फिरणाऱ्या चाकाने चालतात, ट्रॅक्टरच्या इंजिनाने नव्हे. ही बाब ईमेलमध्ये आवर्जून सांगावी, कारण बियाणे कमीजास्त पडण्याचे अनेक दोष त्या चाकापाशी सुरू होतात.

प्रात्यक्षिक कोणत्या हंगामात ठेवायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. यंत्राचा खरा उपयोग खरिपातील सोयाबीनला असला, तरी जूनमध्ये 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येतो तेव्हा प्रत्येक शेतकरी आणि प्रत्येक ट्रॅक्टर स्वतःच्या पेरणीत गुंतलेला असतो. वाफसा म्हणजे माती हातात दाबली तर गोळा होतो पण बोटांना चिकटत नाही ती स्थिती, आणि ती भारी जमिनीत फार दिवस टिकत नाही. मे महिन्यात कोरड्या, ढेकळांच्या जमिनीत यंत्र फिरवले, तर सरी नीट पडत नाही, बियाणे किती खोल गेले ते कळत नाही आणि पाहणाऱ्याचे मत यंत्राऐवजी ढेकळांवरून बनते. या दोन्ही अडचणी टाळायच्या तर सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला ओलिताच्या हरभऱ्यावर प्रात्यक्षिक ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण तेव्हा यंत्र प्रत्यक्ष पेरणी करते, उगवण मोजता येते आणि पुढच्या खरिपापूर्वी निर्णय घ्यायला कंपनीला सहा महिने मिळतात.

मात्र रब्बीतल्या प्रात्यक्षिकातून काय दिसणार नाही, तेही त्याच ईमेलमध्ये लिहिले पाहिजे. जोराच्या पावसात सरीतून पाण्याचा निचरा होतो का, हा या यंत्राचा मुख्य दावा हरभऱ्यावर तपासता येत नाही. जे दिसत नाही ते दाखवल्याचा आव विक्रेत्याने आणला, तर मंडळातील अनुभवी शेतकरी पहिल्या पाच मिनिटांत तो ओळखतो आणि मग बियाण्याच्या मोजमापावरही त्याचा विश्वास बसत नाही. ज्या शेतकऱ्याने मागील खरिपात अशा यंत्राने सोयाबीन पेरले असेल, त्याच्या संमतीने त्याचे शेत पाहण्याची सोय करता येत असेल, तर ती या उणिवेवरची सर्वांत चांगली पुरवणी होय.

जमिनीविषयीचा मजकूर ईमेलमध्ये सर्वाधिक तपशिलाने यावा, कारण प्रात्यक्षिके बहुतेक वेळा तिथेच फसतात. किमान एक एकर क्षेत्र हवे. त्याहून लहान तुकड्यावर वेळ आणि डिझेल मोजून काही अर्थ निघत नाही. सोयाबीनचे कुटार आणि मुळ्या वेचून, वखरणी करून ढेकळे फोडलेली असावीत, अन्यथा कचरा फणांत अडकून गोळा होतो आणि वरंबा ओढला जातो. जमीन ओलिताची असेल, तर तुषार सिंचनाने आधी ओलवून वाफशावर आणून ठेवावी लागते आणि भारी जमिनीत त्यासाठी लागणारे दिवस शेतकऱ्यालाच ठाऊक असतात. म्हणून तारीख विक्रेत्याने एकट्याने न ठरवता जमीनधारकाशी बोलून ठरवावी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला, जिथे विहिरीचे पाणी खारे असल्याने हरभरा मुख्यतः जमिनीतल्या ओलीवर घेतात, तिथे आणखी एक मर्यादा आहे: माती उचलून वरंबा केला की तिचा वरचा थर लवकर वाळतो आणि बियाणे कोरड्यात पडण्याचा धोका वाढतो. त्या भागातील कंपन्यांना पाठवायच्या ईमेलमध्ये ही मर्यादा स्पष्ट लिहावी आणि ओलिताच्या शेतातील निष्कर्ष त्यांच्या जमिनीला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मान्य करावे. एकच मजकूर सर्व कंपन्यांना पाठवण्याची सवय इथे महागात पडते.

आता मोजमापाकडे वळता येईल, कारण या ईमेलचा गाभा तोच आहे. विक्रेता बियाण्याची बचत होते असे सांगतो. ती किती आणि कशामुळे, हे शेतातच पडताळून पाहता येते आणि त्यासाठी एक टेप, सहा कापडी पिशव्या आणि छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एवढेच साहित्य लागते. समजा यंत्राच्या चार ओळी 30 सेंटीमीटर अंतरावर लावल्या आहेत आणि एका सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंत 150 सेंटीमीटर अंतर पडते. सपाट पेरणीत एवढ्या रुंदीत पाच ओळी बसल्या असत्या. इथे पाचव्या ओळीची जागा सरी घेते, म्हणून एकरी 30 किलोच्या जागी 24 किलो बियाणे लागते. बचत 20 टक्क्यांची आहे आणि ती ओळ गाळल्याने झाली आहे, यंत्राच्या काही अद्‌भुत गुणाने नाही. ईमेलमध्ये हे एवढ्या सरळपणे लिहिले, तर कंपनीचा हिशेबनीस ते समजून घेऊ शकतो आणि सभासदांना समजावून सांगू शकतो.

एका एकरात 4047 चौरस मीटर असतात. दर फेरीला दीड मीटर रुंदी झाकली जात असेल, तर एकर पुरा करायला यंत्राला जवळपास 2700 मीटर चालावे लागते. 24 किलो बियाणे या अंतरावर वाटले, तर चारही नळ्यांतून मिळून मीटरमागे सुमारे 8.9 ग्रॅम, म्हणजे एका नळीतून सुमारे 2.2 ग्रॅम बियाणे पडले पाहिजे. ज्या बियाण्याच्या शंभर दाण्यांचे वजन 22 ग्रॅम भरते, त्याचे हे दहा दाणे होतात आणि दोन दाण्यांत दहा सेंटीमीटर अंतर राहते, जे हरभऱ्यासाठी शिफारस केलेले अंतर आहे. दाणे टपोरे असतील तर तेवढ्याच वजनात दाणे कमी बसतात, म्हणून शंभर दाणे मोजून त्यांचे वजन करणे ही प्रात्यक्षिकाची पहिली कृती असावी आणि ती शेतकऱ्याच्याच बियाण्यावर व्हावी.

त्यानंतर शेतात 50 मीटर अंतर आखून, प्रत्येक नळीच्या तोंडाला पिशवी बांधून, यंत्र जमिनीवर टेकवून नेहमीच्या वेगाने तेवढे अंतर चालवावे. प्रत्येक पिशवीत साधारण 110 ग्रॅम बियाणे जमले पाहिजे. एका पिशवीत 110 आणि दुसरीत 90 निघाले, तर कमी बियाणे देणाऱ्या नळीवरची तबकडी, तिचा ब्रश किंवा नळीतील अडथळा तपासून चाचणी पुन्हा घ्यावी. चारही पिशव्यांत सारखेच पण कमी बियाणे निघाले, तर दोष बहुधा चाकाचा असतो, कारण भुसभुशीत जमिनीत ते फिरण्याऐवजी घसरते. घसरण दहा टक्के असेल, तर एकरी 24 किलोऐवजी 21 ते 22 किलोच बियाणे पडते आणि पीक विरळ होते. हीच चाचणी दुकानाच्या फरशीवर चाक हाताने फिरवून घेतली, तर घसरण कधीच दिसत नाही. म्हणून ईमेलमध्ये चाचणी शेतात होईल असे नमूद करणे आवश्यक आहे. ट्रायकोडर्मा किंवा रायझोबियम यांची ओली बीजप्रक्रिया केलेले बियाणे सावलीत पुरते सुकवले नसेल, तर ते तबकडीच्या खाचांना चिकटते आणि दोष यंत्राच्या माथी येतो. या एका वाक्याची सूचना जमीनधारकाला आधी मिळाली, तर प्रात्यक्षिकाच्या सकाळचा अर्धा तास वाचतो.

वेळेचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. ताशी चार किलोमीटर वेगाने 2700 मीटर चालायला 40 मिनिटे लागतात. शेत 200 मीटर लांब असेल तर 13 ते 14 वळणे येतात, 100 मीटर लांब असेल तर 27, आणि प्रत्येक वळणाला पाऊण मिनिट धरले व पेट्या भरण्याचा वेळ मिळवला, तर एकराला एक तास ते सव्वा तास लागतो. म्हणून दिवसाला दहाबारा एकर होतात असे जे सांगितले जाते, ते लांब पट्ट्याच्या, सलग शेतातच आणि वेग वाढवूनच शक्य आहे. वेग वाढला की बियाणे नळीत उसळते आणि अंतर बिघडते. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्याचा वेळ धरला, तर दिवसाला सहा एकर हा मंडळाने हिशेबासाठी धरण्याजोगा आकडा आहे. खरिपात वाफशाचे आठ दिवस मिळाले, तर एका यंत्राने सुमारे 50 एकर पेरणी होते आणि भाड्याने अवजार देणाऱ्या केंद्रासाठी यंत्रे किती घ्यावीत हा प्रश्न मंडळाला या आकड्यावरून सोडवता येतो. डिझेल मोजण्यासाठी टाकी आधी काठोकाठ भरून, एकर झाल्यावर त्याच सपाट जागी पुन्हा काठोकाठ भरावी. जेवढे ओतावे लागले तेवढे जळाले, एवढा हा साधा प्रकार असून तो पाहुण्यांसमोरच व्हावा.

हे सर्व ध्यानात घेऊन ईमेलचा मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल. तारखा, अंतरे आणि यंत्राची मापे विक्रेत्याने आपापल्या परिस्थितीनुसार बदलावीत.

विषय: हरभऱ्यावर रुंद वरंबा सरी पेरणी यंत्राचे प्रात्यक्षिक, 29 ऑक्टोबर, सकाळी 9; होकार 20 ऑक्टोबरपर्यंत कळवावा

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ व मुख्य कार्यकारी अधिकारी

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीच्या सभासदांसाठी चार ओळींच्या ट्रॅक्टरचलित रुंद वरंबा सरी पेरणी यंत्राचे प्रात्यक्षिक 29 ऑक्टोबर रोजी सकाळी 9 ते दुपारी 1 या वेळेत ठेवण्याचा प्रस्ताव आहे. त्यासाठी आपल्या एखाद्या सभासदाची सोयाबीन निघालेली, ओलिताची, किमान एक एकर जमीन हवी असून ती वखरून, कुटार वेचून व वाफशावर आणून ठेवलेली असावी. रस्त्यावरून ट्रॅक्टर थेट शेतात उतरू शकेल अशी वाट असल्यास बरे.

प्रात्यक्षिकात चार गोष्टी आपल्यासमोर मोजल्या जातील: 50 मीटर अंतरात प्रत्येक नळीतून पडणारे बियाणे, बियाण्याची खोली, एका एकराला लागणारा वेळ आणि डिझेल. मोजमापे आपल्या प्रतिनिधीने स्वतः नोंदवावीत, ही विनंती. पावसाळ्यातील पाण्याचा निचरा या प्रात्यक्षिकात दिसणार नाही.

यंत्र, ट्रॅक्टर, चालक व डिझेल आमच्याकडून असेल. बियाणे व खत जमीनधारकाचे असेल. यंत्राच्या दोषामुळे उगवण विरळ झाली, तर त्या क्षेत्राची दुबार पेरणी बियाण्यासह आमच्या खर्चाने करून दिली जाईल. बीजप्रक्रिया केलेले बियाणे सावलीत सुकवून आणावे. प्रात्यक्षिकानंतर बाराव्या दिवशी आमचा प्रतिनिधी पुन्हा येऊन उगवण मोजेल.

प्रात्यक्षिकास उपस्थित राहिल्याने खरेदीचे कोणतेही बंधन येत नाही. यंत्राचा दर, करासह व कराविना, तसेच तपासणी अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. दरात ट्रॅक्टरचा समावेश नाही. शासकीय अनुदान मंजूर होईल की नाही, याची हमी आम्ही देऊ शकत नाही. त्यासाठी कंपनीने महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी.

पाऊस झाल्यास किंवा जमीन वाफशावर नसल्यास 28 ऑक्टोबरच्या सायंकाळी 6 पर्यंत फोनवर कळवून दुसरी तारीख ठरवली जाईल.

कळावे,
(विक्रेत्याचे नाव, पत्ता, भ्रमणध्वनी, प्रात्यक्षिकास येणाऱ्या तंत्रज्ञाचे नाव)

या मजकुरातील काही वाक्ये विक्रेत्याला जड वाटण्याचा संभव आहे, विशेषतः दुबार पेरणीचे. परंतु जमीन देणारा शेतकरी आपल्या एका हंगामाचा एक एकर पणाला लावत असतो आणि ती जोखीम त्याने एकट्याने उचलावी, असे मानणे न्याय्य नाही. हमी मर्यादित ठेवण्याचा मार्गही तिच्यातच आहे: यंत्राचा दोष कोणता हे पिशव्यांच्या चाचणीवरून ठरते, म्हणून चाचणीची नोंद दोन्ही बाजूंच्या सह्यांसह ठेवली, तर बियाण्याच्या कमी उगवणशक्तीचे खापर यंत्रावर फुटत नाही. प्रमाणित हरभऱ्याच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान 85 टक्के असावी लागते; घरचे बियाणे असेल, तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर आधीच ती पाहून घेण्याची विनंती जमीनधारकाला फोनवर करावी.

अनुदानाविषयीचे वाक्यही गाळू नये. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांत पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानास पात्र ठरत नाही आणि यंत्राचा अधिकृत चाचणी संस्थेचा अहवाल लागतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ही अशा चाचणी संस्थांपैकी जुनी व परिचित आहे. विक्रेत्याने "अनुदान मिळवून देऊ" असे लिहिले आणि अर्ज नामंजूर झाला, तर कंपनीचा राग यंत्रावर नव्हे तर त्या एका वाक्यावर निघतो, आणि ते वाक्य ईमेलमध्ये कायमचे राहिलेले असते. जोडलेला तपासणी अहवाल नेमका त्याच मॉडेलचा आहे ना, हे पाठवण्यापूर्वी क्रमांक ताडून पाहावे.

पाठवण्याच्या रीतीबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र ईमेल पाठवणे उत्तम. एकाच वेळी अनेकांना पाठवायचाच असेल, तर पत्ते Bcc या रकान्यात घालावेत, म्हणजे एका कंपनीचा पत्ता दुसरीला दिसत नाही. हा मजकूर पुढे संचालकांच्या व्हॉट्सॲप गटात जाणार आणि भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर वाचला जाणार, हे गृहीत धरून तारीख व होकाराची मुदत विषयाच्या ओळीतच असावी आणि जोडपत्रे दोनच, तीही हलकी असावीत. ईमेल पाठवल्यावर त्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला फोन करून तो पोचल्याची खात्री करावी, कारण कंपनीच्या नोंदणीच्या वेळी दिलेला पत्ता अनेकदा सनदी लेखापालाच्या कार्यालयात उघडला जातो. सोयाबीनच्या हंगामात खामगावच्या बाजार समितीत आवक वाढलेली असते आणि कंपनीचे पदाधिकारी खरेदीच्या कामात असतात. दिवस ठरवताना आठवडी बाजार आणि दिवाळी यांचाही विचार व्हावा. तालुका कृषी अधिकाऱ्यांना किंवा जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाला त्रयस्थ म्हणून बोलावता आले, तर मोजमापाला वजन येते, मात्र त्यांनी होकार दिल्यावाचून त्यांचे नाव ईमेलमध्ये घालू नये.

प्रात्यक्षिक झाल्यावर दुसरा ईमेल गेलाच पाहिजे, आणि तो आभाराचा नसून आकड्यांचा असावा. त्यात चारही पिशव्यांची वजने, बियाण्याची खोली, लागलेला वेळ, डिझेल, शेताची लांबी आणि त्या दिवशी काय बिघडले ते असावे. चौथ्या नळीत माती अडकून दोन वेळा थांबावे लागले असेल, तर तसेच लिहावे, कारण हजर असलेल्या सभासदांनी ते पाहिलेलेच असते. ओलिताच्या हरभऱ्याचे बियाणे साधारण पाच सेंटीमीटर खोल ओलीत पडावे लागते. ओळीत तीनचार ठिकाणी माती बाजूला करून पट्टीने मोजलेली खोली चारपासून आठ सेंटीमीटरपर्यंत कमीजास्त निघाली असेल, तर फणांची उंची बदलून पुन्हा मोजले का, हेही नोंदवावे. बाराव्या दिवशी शेताच्या पाच ठिकाणी, वरंब्याच्या कडेच्या ओळीत आणि मधल्या ओळीत, एकेक मीटर अंतरातील रोपे मोजावीत. दहा दाणे पेरले असतील आणि बियाण्याची उगवणशक्ती 85 टक्के असेल, तर मीटरला आठ ते नऊ रोपे दिसली पाहिजेत. मधल्या ओळींत आठ आणि कडेच्या ओळींत पाच रोपे निघाली, तर वरंब्याची कड ढासळून बियाणे उघडे पडले किंवा कडेची माती वाळली असे समजावे; सरीचे फाळ थोडे बाहेर घेऊन किंवा वरंबा किंचित रुंद करून हा दोष पुढच्या पेरणीत दूर होतो. हे निरीक्षण आणि त्यावरचा उपाय या दोन्हींसह ईमेल मंडळाच्या पुढच्या सभेआधी पोचावा, म्हणजे तो सभेच्या कागदपत्रांना जोडता येईल.